पुण्यातल्या कॅप राउंडसाठी सोलापुरातून रजा: एका अर्जाचे प्रकरण

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली विद्यार्थिनी. बी.एस्सी. दुसऱ्या महाविद्यालयातून झालेली, त्यामुळे तिथली टीसी इथे जमा आहे. वर्ग ऑगस्टमध्ये सुरू झाले. त्याच वेळी राज्य सीईटी कक्षाची एमसीएची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप, चालू आहे आणि तिची पहिली पसंती पुण्याला आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिने रजेचा अर्ज दिला. तो दुसऱ्या दिवशी शेऱ्यासह परत आला. प्रकरणातल्या तारखा आणि रकमा उदाहरणादाखल धरल्या आहेत. खरे वेळापत्रक दर वर्षी वेगळे असते. पण अर्ज कुठे अडतो, त्या जागा फारशा बदलत नाहीत.

परत आलेला अर्ज असा होता:

«महोदय, मी एम.एस्सी. भाग १ ची विद्यार्थिनी असून माझे पुणे येथे पदव्युत्तर प्रवेशासाठी समुपदेशन सुरू आहे. त्यासाठी मला दि. ८ ते २६ सप्टेंबरपर्यंत रजा मिळावी तसेच माझी मूळ कागदपत्रे परत मिळावीत ही नम्र विनंती.»

विभागप्रमुखांचा शेरा एका ओळीचा: «नेमक्या तारखा व कारण कळवावे.» शेरा कोरडा वाटला तरी बरोबर होता. या तीन ओळींत चार चुका आहेत आणि त्यातली पहिली शब्दाचीच आहे. इंग्रजी ‘काउन्सेलिंग’चे कोशातले भाषांतर म्हणून तिने ‘समुपदेशन’ लिहिले. मराठीत समुपदेशन म्हटले की बहुधा मानसिक आधारासाठी तज्ज्ञाशी बोलणे असाच अर्थ घेतला जातो. आवक विभागातल्या लिपिकाने अर्ज आरोग्याच्या कारणाचा समजून वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले, त्यात त्याचे काय चुकले? अर्जात ‘केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया’ किंवा सरळ ‘कॅप राउंड’ लिहावे. अखिल भारतीय प्रक्रिया असेल तर ‘प्रवेशाची काउन्सेलिंग फेरी’ म्हणावे. ‘प्रवेश’ हा शब्द शेजारी असला की गोंधळ होत नाही.

दुसरी चूक एकोणीस दिवसांची. कॅप राउंड म्हणजे पुण्याला मुक्काम ठोकून बसायची गोष्ट, असा समज अजून पुष्कळ घरांत आहे. प्रत्यक्षात यातली बहुतेक कामे लॉगिनवरून होतात. ई-पडताळणी निवडली असेल तर कागदपत्रे अपलोड करून घरूनच तपासणी होते. गुणवत्ता यादीवरची हरकत लॉगिनमधूनच घ्यायची असते. महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा विकल्प अर्ज घरूनच भरायचा आणि निश्चित करायचा असतो. नुसता भरून ठेवलेला, निश्चित न केलेला अर्ज धरला जात नाही. जागा मिळाल्यावरचे स्व-पडताळणी, जागा स्वीकारणे आणि एक हजार रुपये सीट अ‍ॅक्सेप्टन्स फी भरणे, हे सगळेही मोबाइलवर होते. पुण्याला स्वतः जावे लागते ते एकाच टप्प्याला: मिळालेल्या संस्थेत हजर होऊन मूळ कागदपत्रे दाखवणे आणि फी भरून प्रवेश निश्चित करणे.

हा टप्पा नेमका कधी येईल, हे आधी माहीत नसते. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती आपोआप फ्रीझ होते, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदलत नाही, आणि दिलेल्या मुदतीत त्या संस्थेत हजर व्हावेच लागते. खालच्या पसंतीची लागली तर दोन वाटा उरतात. ती फ्रीझ करून जाता येते, किंवा स्वीकारून बेटरमेंटला राहता येते. बेटरमेंट निवडले की पुढच्या फेरीत वरची जागा मिळाल्यास आधीची आपोआप सुटते, न मिळाल्यास आधीची हातात राहते. तोवर पुण्याला जाण्याचे काम नसते. म्हणजे रजा लागेल ती एकदाच, पण पहिल्या, दुसऱ्या की शेवटच्या फेरीनंतर, हे यादी लागल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

आणि यादी लागते ती बहुधा संध्याकाळी. हजर होण्याची मुदत दुसऱ्या दिवशी सुरू होऊन दोन-तीन दिवसांत संपते, शेवटच्या दिवशी तर ठरावीक वेळेलाच. संध्याकाळी यादी पाहून सकाळी साडेसहाच्या सुमाराची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, तर मधे महाविद्यालयाचे कार्यालय उघडतच नाही. म्हणून ‘यादी लागली की अर्ज देऊ’ हेही चालत नाही. अर्ज आधी द्यायचा, पण तारीख अटीवर ठेवायची.

त्याप्रमाणे लिहिलेला दुसरा अर्ज असा:

«दिनांक: ४ सप्टेंबर

प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचे नाव), सोलापूर.

मार्फत: मा. विभागप्रमुख, संगणकशास्त्र विभाग

विषय: एमसीए कॅप फेरीत जागा मिळाल्यास पुणे येथे प्रवेश निश्चितीसाठी एक दिवसाची रजा मिळणेबाबत.

महोदय,

मी एम.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) भाग १, हजेरी क्रमांक (…), राज्य सीईटी कक्षाच्या एमसीए केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत सहभागी आहे. माझा कॅप अर्ज क्रमांक (…) आहे. वेळापत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

वेळापत्रकानुसार पहिल्या फेरीची यादी सोमवार दि. ८ सप्टेंबरला व दुसऱ्या फेरीची मंगळवार दि. १६ सप्टेंबरला लागेल. जागा स्वीकारण्याचे काम ऑनलाइन असल्याने त्यासाठी मला रजा नको. मात्र जागा फ्रीझ झाल्यास संस्थेत प्रत्यक्ष हजर राहणे आवश्यक आहे. तसे झाल्यास यादीनंतरचा पहिला कामाचा दिवस, म्हणजे पहिल्या फेरीसाठी मंगळवार दि. ९ किंवा दुसऱ्या फेरीसाठी बुधवार दि. १७ सप्टेंबर, यांपैकी एका दिवसाची रजा मंजूर व्हावी. यादी लागताच त्याच संध्याकाळी अलॉटमेंट लेटरची प्रत विभागाच्या ईमेलवर पाठवीन. जागा फ्रीझ न झाल्यास मी नेहमीप्रमाणे वर्गाला हजर राहीन.

कागदपत्र तपासणीत त्रुटी निघाल्यास दुसऱ्या दिवशीही थांबावे लागू शकते. दुसऱ्या फेरीच्या वेळी तो दिवस गुरुवार दि. १८, म्हणजे माझ्या बॅचच्या प्रॅक्टिकलचा आहे. तसे झाल्यास मला त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर प्रॅक्टिकल करण्याची परवानगी मिळावी. शुक्रवार दि. १९ च्या अंतर्गत चाचणीस मी हजर राहीन.

माझी बी.एस्सी.ची टीसी आपल्या कार्यालयात जमा आहे. ती जमा असल्याचा व मी येथे शिकत असल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक)
पालकाची सही

सोबत: १) कॅप वेळापत्रकाची प्रत २) कॅप अर्जाच्या पहिल्या पानाची प्रत»

हा अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. रजा एक दिवसाची होती हे एक कारण. दुसरे, विभागाला कळले की ही मुलगी कधी नसेल आणि कधी नक्की असेल. बुधवार निवडण्यातही हिशेब होता. तीन दिवसांच्या मुदतीत पहिल्याच दिवशी गेले की त्रुटी दुरुस्त करायला दोन दिवस हातात राहतात. शिवाय बुधवारी फक्त तासच बुडतात. गुरुवारचे एक प्रॅक्टिकल सलग तीन-चार तासिकांचे. हजेरीच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या हिशेबात ते एका दिवसाच्या व्याख्यानांपेक्षा जड पडते, आणि प्रॅक्टिकलच्या वहीवर सही नसली की सत्राच्या शेवटी सर्टिफाइड जर्नल अडते. शुक्रवार हा तर मुदतीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी संस्थेचे सर्व्हर आणि खिडकी दोन्ही तुंबलेली असतात.

अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. वर्गशिक्षकांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवणे चांगलेच, पण हजेरीचा वाद निघाला की त्या मेसेजचा उपयोग होत नाही. पोच दाखवता येते.

तिसरी चूक पहिल्या अर्जाच्या शेवटी होती: «मूळ कागदपत्रे परत मिळावीत.» रजेचा अर्ज परत येणाऱ्या विद्यार्थ्याचा असतो. टीसी मागणे म्हणजे जाणाऱ्याचा अर्ज. दोन्ही एकाच कागदावर आले की कार्यालय दुसरा भाग धरते आणि ‘आधी प्रवेश रद्द करा, मग टीसी घ्या’ असे सांगते. या मुलीला तेच सांगितले गेले. तिने घाबरून ४ तारखेलाच प्रवेश रद्द केला असता, तर पुण्याची जागा नक्की नसताना इथलीही गेली असती. पहिल्या फेरीची यादीसुद्धा तेव्हा लागलेली नव्हती.

गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी या कागदांबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना स्पष्ट आहे: मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे, आपल्याकडे साक्षांकित प्रती ठेवायच्या. अडवून धरण्याचा अधिकार संस्थेला नाही. टीसी मात्र व्यवहारात जमा करूनच घेतली जाते, कारण ती विद्यार्थी एका ठिकाणाहून सुटून दुसरीकडे गेल्याचा पुरावा असते. म्हणून पुण्याच्या संस्थेला टीसीऐवजी काही दिवस काय चालेल, हे आधी फोन करून विचारावे. बहुधा टीसी अमुक दिवसांत आणून देण्याचे हमीपत्र आणि इथल्या महाविद्यालयाचा ‘टीसी जमा आहे’ असा दाखला. दुसऱ्या अर्जातली शेवटची मागणी त्यासाठीच होती. दाखला मिळायला दोन-तीन दिवस लागतात, हे धरूनच अर्ज ४ तारखेचा.

आता पुढे काय झाले ते. ८ तारखेला पहिल्या फेरीत तिला तिसऱ्या पसंतीचे, पुण्याच्या बाहेरच्या भागातले महाविद्यालय मिळाले. तिने स्व-पडताळणी करून, हजार रुपये भरून बेटरमेंट घेतले. रजा वापरली नाही. ९ तारखेला ती वर्गात होती आणि विभागाला एका ओळीचा ईमेल गेला: पहिल्या फेरीत जागा फ्रीझ झालेली नाही, रजा घेत नाही. हा ईमेल पाठवायला कोणी सांगत नाही, पण १७ तारखेची रजा पुन्हा न विचारता चालू राहिली ती त्यामुळे.

इथे पैशाचा एक प्रश्न आला आणि घरात त्यावर बराच खल झाला. आयोगाच्या त्याच अधिसूचनेत फी परताव्याचे टप्पे आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी रद्द केले तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, पण ५,००० रुपयांहून जास्त नाही, इतके प्रक्रिया शुल्क कापता येते. त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत रद्द केले तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के. १५ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. एखाद्या वर्षी आयोग याहून सैल मुदत देतो, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे. मोजणी होते ती लेखी रद्द करण्याच्या अर्जाच्या तारखेपासून. रजेच्या अर्जाची तारीख यात धरली जात नाही.

इथली शेवटची तारीख ३० ऑगस्ट होती असे धरू आणि भरलेली फी २०,००० रुपये. म्हणजे १४ सप्टेंबरपर्यंत रद्द केले तर १६,००० परत, त्यानंतर २९ सप्टेंबरपर्यंत १०,०००. वडिलांचे म्हणणे होते की पुण्याची जागा हातात आहेच, बेटरमेंट झाले नाही तरी ती राहते, मग १४ च्या आत रद्द करून सहा हजार का वाचवू नयेत? हिशेब चुकीचा नव्हता. पण लॉगिनवर स्वीकारलेली जागा संस्थेत मूळ कागद तपासून होईपर्यंत पक्की नसते, आणि या मुलीच्या कागदांत एक खोट होती. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव एका तऱ्हेने, बी.एस्सी.च्या शेवटच्या सत्राच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेने होते. प्रतिज्ञापत्र केले होते, पण ते संस्था मान्य करेल की नाही हे तिथे गेल्याशिवाय कळणार नव्हते. कागद निर्दोष असते तर वडिलांचे ऐकायला हरकत नव्हती. इथे सहा हजारांपोटी वर्ष पणाला लावण्यात अर्थ नव्हता. शिवाय १४ तारखेनंतर पुढची पायरी थेट २९ लाच होती. १७ ला रद्द करा की २६ ला, परतावा तेवढाच.

१६ तारखेला संध्याकाळी दुसऱ्या फेरीत पहिली पसंती लागली, जागा फ्रीझ झाली. तिने हजार रुपये पहिल्याच फेरीत भरले होते. रात्रीच अलॉटमेंट लेटर विभागाला ईमेल झाले आणि १७ ला साडेदहाच्या सुमारास ती पुणे स्टेशनवर उतरली.

फीची तयारी मात्र आठवडाभर आधी केली होती. संस्थेचे खाते नेट बँकिंगमध्ये नव्याने जोडले की पहिले काही तास, अनेक बँकांत चोवीस तास, मोठी रक्कम जात नाही. खिडकीसमोर उभे राहून वडिलांना सोलापूरला फोन करणारे विद्यार्थी दर वर्षी दिसतात. संस्था डिमांड ड्राफ्ट घेते की ऑनलाइन, एवढे विचारून ठेवले तरी पुरते. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची तारीखही रात्रीच पाहून घ्यावी. ते चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. गेल्या वर्षीचे नेले की राखीव जागेचा दावाच अडतो.

तिथे प्रतिज्ञापत्र मान्य झाले. टीसी आणि मायग्रेशन प्रमाणपत्रासाठी आठ दिवसांचे हमीपत्र लिहून घेतले, जमा असल्याचा दाखला ठेवून घेतला, आणि प्रवेश निश्चितीची पावती हातात दिली. संध्याकाळच्या गाडीने ती परत आली. दुसरा दिवस लागला नाही.

गुरुवारी, १८ ला, रजेचा विषय संपला आणि प्रवेश रद्द करण्याचा अर्ज सुरू झाला. त्यात विनंतीची भाषा नको, माहितीची हवी: «मी दि. १७ सप्टेंबर रोजी अन्य अभ्यासक्रमास प्रवेश निश्चित केला असून पावतीची प्रत सोबत जोडली आहे. माझा एम.एस्सी. भाग १ चा प्रवेश आजपासून रद्द करून टीसी द्यावी व नियमानुसार फी परतावा माझ्या खालील बँक खात्यात जमा करावा.» खाली खाते क्रमांक, आयएफएससी, आणि पुन्हा आवक शिक्का. परतावा अर्जापासून १५ दिवसांत द्यायचा असतो, त्यामुळे या शिक्क्याची तारीख महत्त्वाची.

चौथी चूक पहिल्या अर्जात दिसत नव्हती, कारण ती न लिहिण्याची होती. प्रवेशाची प्रक्रिया चालू असल्याचे तिने ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होताना विभागाला सांगितलेच नव्हते. ‘सर रागावतील’ ही भीती खरी असते. पण विभागाची प्रतीक्षा यादी प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपर्यंतच चालते. त्याआधी कळले असते तर विभागाने यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला निदान तयार ठेवले असते. १८ सप्टेंबरला ती जागा रिकामी झाली आणि रिकामीच राहिली. याहून वाईट वाट म्हणजे ‘ताप आहे’ म्हणून रजा घेणे. आठवड्याने त्याच विद्यार्थ्याचा टीसीचा अर्ज त्याच टेबलावर येतो, आणि मग दाखल्यावरच्या ‘वर्तणूक’ या रकान्याकडे लिपिक जरा जास्त वेळ पाहतो.

मायग्रेशनसाठी पुणे रस्त्यावरच्या केगाव इथल्या विद्यापीठात जावे लागते आणि अर्जाला सहसा टीसीची प्रत लागते. म्हणून क्रम बदलता येत नाही: आधी प्रवेश रद्द, मग टीसी, मग मायग्रेशन, मग दोन्ही पुण्याला. टीसीच्या प्रती मूळ कागद पुण्याला जमा करण्याआधीच काढाव्यात, किमान पाच. तिने सोमवारी टीसी घेतली, त्याच दुपारी केगावला अर्ज दिला, आणि मायग्रेशन वेळेत हाती येण्याची खात्री नसल्याने शुल्काच्या पावतीची प्रत पुण्याच्या संस्थेला ईमेलने पाठवून आठ दिवसांची मुदत आणखी चार दिवस वाढवून मागितली.